अर्धा कोयता

दसरा झाला की तेलगावच्या चौकाचं रूप पालटतं. एक रस्ता बीडकडं, एक परळीकडं, एक माजलगावकडं आणि एक धारूर घाटाकडं. चारही दिशांनी ट्रक, ट्रॅक्टर, टायरगाड्या येऊन उभ्या राहतात. गाडीत भांडीकुंडी, सरपण, ज्वारीची पोती, शेळ्या, कोंबड्या, त्यावर लेकरं आणि लेकरांच्या वर बाया. गावाला लागूनच साखर कारखाना आहे, बॉयलर पेटला की त्याची चिमणी धूर सोडायला लागते. तरी आमच्या भागातली निम्मी माणसं त्या धुराकडं पाठ करून सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं निघतात. शहरातली मैत्रीण विचारते, "तुमच्या दारात कारखाना असून एवढ्या लांब कशाला?" तिला सांगावं लागतं की आपण कारखाना निवडत नसतो. ज्या मुकादमाची उचल घेतली, त्या मुकादमाची गाडी जिथं जाईल तिथं जायचं.

उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे. ते पावसाळ्यातच संपतात. कुणाचं लग्न, कुणाचं दवाखान्याचं, कुणाचं दुकानाचं उधार. मग पाच महिने ऊस तोडून ते फेडायचे. ही उचल माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते. आणि कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. "यंदा किती कोयते?" असं मुकादमाला विचारलं आणि तो "बारा" म्हणाला, तर फडात चोवीस माणसं असतात. त्यातल्या बारा जणांची नावं त्याच्या वहीत असतात. उरलेल्या बारा जणी त्या नावांच्या आत असतात.

माझे आई-बाप असाच एक कोयता होते. आम्ही मांगाचे. गावात आमचं घर वेशीच्या बाहेरच्या बाजूला आणि जमीन म्हणाल तर अंगणापुरती. मी मात्र आजीजवळ राहून शिकले, पुढं नर्सिंग केलं, म्हणून आज हे लिहू शकते. सुट्टीत मी फडावर जायची तेव्हा बघायची, गडी ऊस तोडतो, बाई पाचट सोलते, वाढं छाटते, मोळी बांधते. गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. गडीही वाहतो, पण तो दमला की बसून तंबाखू मळतो. बाई दमली तर कोपीकडं जाऊन भाकरी थापते. पहाटे तीनला उठणारी तीच आणि सगळ्यांत शेवटी आडवी होणारी तीच. माझी माय म्हणायची, "गाडी कवा येईल त्याचा नेम न्हाई. रातच्या दोनला आली तरी भरायचीच. मग पाठ टेकून काय करू?"

हिशेब सांगते, म्हणजे पुढचं समजेल. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाला सुमारे 366 रुपये ठरले. एक कोयता बरा चालला तर दिवसाला दोन टन तोडतो. म्हणजे दोघांचे मिळून सव्वासातशे-साडेसातशे रुपये. लाखाची उचल घेतली असेल तर ती फिटायला 273 टन, म्हणजे सुमारे 137 दिवस लागतात, आणि तेही एक दिवस न चुकता. हंगाम चालतो चार-पाच महिने. मधे ताप आला, पाऊस झाला, गाडी बिघडली की हिशेब पुढच्या वर्षावर जातो. आणि कुणी घरी बसलं तर त्याला खाडा म्हणतात. खाड्याचा दंड पडतो, दिवसाला पाचशे, कुठं हजार. जोडीतलं एक जरी बसलं तरी कोयता मोडतो. म्हणून दंड बसतो तो दोघांच्या खात्यावर, आणि खातं असतं नवऱ्याच्या नावावर.

आता बाईचे महिन्याचे चार दिवस या हिशेबात घालून बघा. फडाला संडास नाही, आडोसा नाही, पाणी कोसावरून आणायचं. कापड धुवायला जागा नाही, वाळत घालायला तर मुळीच नाही. डोक्यावर चाळीस-पन्नास किलोची मोळी. लग्न तेराव्या-चौदाव्या वर्षी झालेलं, कारण पोरगी कोपीत एकटी ठेवायची भीती आणि लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, त्याच्यावर उचल मिळते. विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, लगेच ऑपरेशन. तिशी आली की कंबर धरते, अंगावरून पांढरं जातं, पाळी पंधरा दिवसांवर येते. मग दवाखाना.

माझी आत्या आणि आमच्या टोळीतल्या एक काकू, दोघींनी एकाच वर्षी, एकाच उन्हाळ्यात पिशवी काढली. आमच्याकडं गर्भाशय कुणी म्हणत नाही, पिशवीच म्हणतात. काकू वंजाऱ्याच्या, डोंगराकडच्या वस्तीवरच्या. तीन एकर हलकं रान, विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत. मी तेव्हा अकरावीला होते. आत्याबरोबर मीच गेले होते. खासगी दवाखाना होता. सोनोग्राफी झाली, डॉक्टरनं कागदाकडं बघितलं आणि सांगितलं, "पिशवी खराब झालीय. ठेवली तर कॅन्सर होईल." आत्याचं वय बत्तीस. तिनं एकच विचारलं, "काढली तर काम किती दिवसांनी जमंल?" पंचवीस हजार लागणार होते. ते मुकादमाकडून आले, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून.

पुढं शिकताना मला कळलं की तो कागद काय होता. पांढरं जाणं हे बऱ्याचदा जंतुसंसर्गाचं लक्षण असतं. आठ-पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी जातं, फक्त काही संसर्गांत नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात, नाहीतर पुन्हा होतं. रक्त जास्त जात असेल तर आधी गोळ्या, इंजेक्शन, पिशवीच्या तोंडाची तपासणी, गरज पडली तर आतला तुकडा काढून बघायचा. त्यातनं काही निष्पन्न झालं तर शेवटी ऑपरेशन. आत्याच्या बाबतीत पहिली पायरी आणि शेवटची पायरी एकच होती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर बाईला तिशीतच म्हातारपण येतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं, आता कटकट नाही.

2019 साली ही गोष्ट एकदम देशभर गाजली. आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. देशभराच्या आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास येतं. दोन्ही पाहण्यांतली वयं सारखी नाहीत, म्हणून आकड्याला आकडा तंतोतंत लावू नये. पण तीन कुठं आणि सोळा-सतरा कुठं, एवढं तर कुणालाही दिसतं.

त्या दिवसांत गावोगाव बैठका झाल्या. मी काहींना गेले. पुढाऱ्यांचं म्हणणं, हा मजुरीचा प्रश्न आहे. टनाला दर वाढवा, कुणालाच असं करावं लागणार नाही. शहरातून आलेल्या ताई म्हणाल्या, हा बाईच्या शरीराचा प्रश्न आहे, आरोग्याची जागृती करा. आमच्या समाजातले कार्यकर्ते म्हणाले, जातीनंच आपल्याला कोयता दिला, बाकी सगळं त्याच्या पोटात आलं. तिघंही खरं बोलत होते. पण मी आत्याला आणि काकूला डोळ्यांसमोर ठेवून एकेकाचं म्हणणं लावून बघायला लागले, तर दर वेळी काहीतरी बाहेर राहायचं.

मजुरीच धरू. गरिबी आत्याच्या नवऱ्यालाही तेवढीच होती. त्याचीही कंबर गेली होती. पण त्याला कुणी म्हणालं नाही की तुझा एखादा अवयव काढू म्हणजे खाडा पडणार नाही. आणि दर वाढला तरी वाढीव पैसा कोयत्याच्या खात्यावर येतो, तिच्या हातात नाही. तिच्या हातात येतो तो वाढं विकून मिळालेला पन्नास-शंभराचा. बरं, नुसतं बाईपण धरू. बाई तर गावच्या पाटलाची सूनही आहे. तिलाही पाळी येते, तिचंही दुखतं. ती माजलगावला, अंबाजोगाईला दोन-तीन डॉक्टरांना दाखवते, महिनाभर गोळ्या खाते, विश्रांती घेते. तिच्या दुखण्याला दिवस मिळतात. आत्याच्या दुखण्याला दंड होता. मग जात धरली तर वंजाऱ्याच्या काकूंची पिशवी का गेली? काकू काही वेशीबाहेरच्या नव्हत्या.

आणि तरी जात मधून काढून टाकता येत नव्हती, कारण ऑपरेशननंतर दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. काकू तीन महिने घरी बसल्या. घरात बाजरी होती, जाऊबाई होती, म्हैस होती. रान विकायचं नाही असं सासऱ्यानं ठरवलं, पण गहाण ठेवता येत होतं, म्हणून सावकारानं दारात उभं तरी केलं. त्या वर्षी काकूंचा नवरा पोराला जोडीला घेऊन गेला. आत्या विसाव्या दिवशी खुरपायला गेली. आमच्याकडं गहाण टाकायला काही नव्हतं. जमीन का नव्हती, हे विचारलं की उत्तर थेट जातीतच निघतं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही दोर वळले, केरसुण्या बांधल्या, हलगी वाजवली, गावानं सुगीला धान्य घातलं, जमीन काही दिली नाही. फडातही आमच्या कोप्या टोळीच्या कडेला, उताराला असायच्या. पाण्याच्या टाकीवर आमची घागर सगळ्यांच्या मागं. आता तसं राहिलं नाही म्हणतात. खरंच पुष्कळ कमी झालंय. पण विसाव्या दिवशी जिला उठावं लागतं ती कोण, हे मी अजून बघते.

हा गुंता माझा एकटीचाच असेल असं मला वाटायचं. मग एका शिबिरात एका बाईंनी अमेरिकेतला खटला सांगितला. 1976 सालचा. सेंट लुईस शहरात जनरल मोटर्सचा कारखाना होता. मंदी आली तेव्हा कंपनीनं कामगार कमी केले, नियम असा की सगळ्यांत शेवटी लागला तो आधी जाणार. 1964 च्या आधी या कंपनीत काळ्या बायांना घेतलंच नव्हतं. त्यामुळं त्या उशिरा लागल्या आणि 1970 नंतर लागलेल्या सगळ्याच्या सगळ्या घरी गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. कोर्टानं म्हटलं, बाई म्हणून अन्याय झाला म्हणावं तर कंपनीत बाया आहेतच. त्या होत्या गोऱ्या, कचेरीत बसणाऱ्या. काळ्या म्हणून अन्याय झाला म्हणावं तर काळे कामगारही आहेत. ते होते पुरुष, यंत्रावरचे. आणि दोन्ही तक्रारी एकत्र करून नवाच वर्ग उभा करायची कायद्यात सोय नाही. काळ्या बाया मधल्या मधे गळून पडल्या.

त्या निकालावर किंबर्ली क्रेनशॉ नावाच्या काळ्या कायदेपंडित बाईनं 1989 मध्ये लेख लिहिला आणि या प्रकाराला एक नाव दिलं. मराठीत त्याला आंतरछेदन म्हणतात, शब्द जरा जड आहे. पण तिनं दिलेला दाखला तेलगावच्या माणसाला सांगावा लागत नाही. चौकात उभ्या माणसाला गाड्या चारही बाजूंनी येतात. अपघात झाला तर तो एका रस्त्यावरच्या गाडीनं झाला असेल, नाहीतर सगळ्याच रस्त्यांवरच्या गाड्या एकदम आल्या असतील. कुठल्या गाडीनं मारलं हे नक्की सांग, मगच अँब्युलन्स येईल, असं म्हटलं तर चौकातलं माणूस तिथंच पडून राहतं.

अमेरिकेतला वर्ण आणि आपली जात या एकच गोष्टी नाहीत. आमच्या टोळीत रंगावरून कुणाला ओळखता आलं नसतं, सगळेच उन्हानं काळे. पण कोर्टानं जे केलं तेच बैठकीतले तिघं करत होते. आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट कळायला अमेरिकेपर्यंत जायची गरजही नव्हती. 1855 साली, म्हणजे त्या लेखाच्या 134 वर्षं आधी, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात ती जातीच्या छळाबद्दल लिहिता लिहिता बाळंत होणाऱ्या बाईवर येते, जिच्या घराला छप्परसुद्धा नाही. थंडीवाऱ्यात बाळंत होणं हे ना सगळ्या मांगांचं दुःख, ना सगळ्या बायकांचं. माझ्या मायचा पहिला मुलगा कोपीत झाला आणि आठव्या दिवशी गेला. शाळेत मला मुक्ताचं नाव कुणी सांगितलं नाही. मी ते पंचविशीत वाचलं.

2019 नंतर जिल्ह्यात नियम झाला की पिशवी काढायची तर सरकारी डॉक्टरची परवानगी हवी. त्यानं फरक पडला, नाही असं मी म्हणणार नाही. उठसूट पिशवी काढणं कमी झालं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळही झालं. पण नियमानं ऑपरेशन अडवलं, खाडा अडवला नाही. आता बाई येते, मी तिला गोळ्यांचा कोर्स समजावते, आराम कर म्हणते, वजन उचलू नकोस म्हणते. ती ऐकून घेते आणि हसते. एकजण म्हणाली, "सिस्टर, तुमची चिठ्ठी मुकादमाला दाखवू का?" तिला चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. सातव्या दिवशी गाडी निघाली. नवरा गोळ्या खायला तयारच नव्हता.

आत्याचं पुढचं सांगायचं राहिलं. ऑपरेशनला चार वर्षं झाली आणि तिचा नवरा गेला, लिव्हरनं. तेव्हा तिला कळलं की कोयत्यातून गडी वजा केला तर काय उरतं. उरतं ते अर्धा कोयता. आमच्याकडं हाच शब्द आहे, विधवेला, टाकलेलीला, एकट्या गड्यालासुद्धा. पण एकटा गडी भाऊ, मेहुणा, मित्र कुणाबरोबरही जोडी करतो. एकटी बाई कुणाबरोबर करणार? मुकादम सरळ म्हणाला, "बाई, तुम्हाला उचल द्यायला माझी ना नाही. पण रातची गाडी भरायला तुमच्यासंगं कोण? आन्‌ काय इपरीत झालं तर माझ्या नावानं बोंब." तो काही वाईट माणूस नव्हता. फडातली रात्र त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होती. एकटी बाई कोपीत झोपली की दाराला काय असतं? साडी बांधलेली असते.

काकूंचाही नवरा पुढं दोन वर्षांनी अपघातात गेला. काकू फडावर गेल्या नाहीत. सासऱ्यानं रान बटईनं दिलं, त्या दिरांच्या आश्रयाला राहिल्या. सुखात नाहीत, दिराच्या शब्दाबाहेर जाता येत नाही, सातबाऱ्यावर त्यांचं नाव अजून लागलेलं नाही. त्यांचा अडकित्ता वेगळा आहे. पण त्यांना गाव सोडावं लागलं नाही.

आत्यानं आधी वर्षभर रोजानं खुरपणी केली. आमच्या भागात उन्हाळ्यात रोजगारच नसतो, तेव्हा ती माजलगावला बांधकामावर गेली. पाठ उचलायची नाही. निराधार योजनेचा अर्ज केला, त्याला उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला हवा होता. सहा महिने फडावर असणाऱ्या माणसाचा रहिवास सिद्ध करताना तिची दोन वर्षं गेली. तोवर जुनी उचल अंगावर होतीच, नवरा मेला म्हणून ती मरत नाही. पंचवीस हजार पिशवीचे, उरलेले त्याच्या दवाखान्याचे.

शेवटी दसऱ्याच्या आधी तिनं तिच्या पोराला शाळेतून काढलं. सातवीत होता, तेरावं लागलं होतं. अंगानं बरा होता. मुकादमानं त्याला उभं करून वरखाली बघितलं, दंड चाचपला आणि वही काढली. अर्धा कोयता आत्याचा, अर्धा पोराचा, मिळून एक पुरा. साठ हजार उचल मिळाली. मुकादमानं आत्याचा अंगठा घेतला, पण खातं लिहिलं ते पोराच्या नावावर.